पाटी रंगवण्याआधी नावाचा शोध

पुण्यात १९९२ पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक खाद्यगृह चालत होतं. त्याच नावाच्या अमेरिकन साखळीने भारतात पहिलं दुकान उघडलं ते २०१४ साली. पुणेकर गिऱ्हाइकाच्या लेखी गावातलं ‘बर्गर किंग’ बावीस वर्षं जुनं आणि परदेशी ‘बर्गर किंग’ नवं. पण अमेरिकन कंपनीचं म्हणणं असं की, भारतात आपल्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी १९७९ पासूनची आहे. इथे एकही दुकान नसताना, २०११ मध्ये कंपनीने पुण्यातल्या न्यायालयात दावा लावला.

तो दावा तेरा वर्षं चालला. जुलै २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. खाद्यगृहाने कंपनीच्या आधीपासून इथे हे नाव वापरलंय, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. कंपनी अपिलात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत खाद्यगृहाला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका नावापायी तीन पायऱ्यांची न्यायालयं आणि दशकभराहून जास्त काळ वकील, तारखा, कागद.

या प्रकरणात न्याय कुणाच्या बाजूने आहे, यावर कायद्याचे जाणकारही एकमताने बोलत नाहीत. छोट्या उद्योजकाने त्यातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. १९९२ साली दुकानाचं नाव ठरवताना नोंदवहीत डोकावायचं, तर ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज करून, फी भरून वाट बघावी लागे. चहाच्या टपरीपासून कारखान्यापर्यंत जवळपास कुणीच ते करत नसे. आज तीच नोंदवही ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर फुकट उघडी आहे. तरीही ती बघितली जाते सगळ्यात शेवटी. वेबसाइट झाल्यावर, खोके छापल्यावर, बऱ्याचदा नोटीस हातात पडल्यावर.

याचं एक कारण असं की, नाव ‘मिळाल्या’चा भास करून देणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. वेबसाइटचा पत्ता विकणारी कंपनी नाव मोकळं आहे का एवढंच बघते आणि पैसे घेऊन देऊन टाकते. ते नाव कुणाचा ट्रेडमार्क आहे का, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. जीएसटीची नोंदणी कर भरण्यासाठी असते, अन्न परवाना खाण्याच्या पदार्थाच्या सुरक्षिततेसाठी, आणि दुकानाचा गुमास्ता परवाना कामगारविषयक कायद्यासाठी. यांतल्या कुठल्याही कागदावर दुकानाचं नाव छापून येतं म्हणून त्या नावावर मालकी येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढताना नावाची छाननी होते खरी, पण तीही पुरेशी नाही. कंपनी कायद्याच्या कलम १६ नुसार नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो आणि सरकार कंपनीला नाव बदलायला लावू शकतं.

वेबसाइटच्या पत्त्याबाबत तर आपल्याकडची न्यायालयं फार लवकर स्पष्ट बोलली आहेत. इंटरनेट भारतात बाळसं धरत होतं तेव्हाच, १९९९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयासमोर ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ यांचं प्रकरण आलं. rediff.com आधीपासून चालू होतं. दुसऱ्या पक्षाने radiff.com घेतलं. अक्षर एकच बदललेलं, पत्ता कुणीही घेऊ शकेल असा मोकळा होता. न्यायालयाने मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’च्या खटल्यात हाच विचार पक्का केला. सत्यम इन्फोवे ही कंपनी sifynet.com वापरत होती आणि दुसऱ्या कंपनीने siffynet.com आणि siffynet.net घेतले होते. डोमेन हा केवळ पत्ता नाही, त्यातून ग्राहक व्यवसायाला ओळखतो, म्हणून दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवण्याविरुद्धचा कायदा त्यालाही लागू होतो, असं न्यायालयाने सांगितलं. पत्ता आधी पैसे भरून घेतला, एवढ्यावर बचाव होत नाही.

तेव्हा डोमेन विकत घेण्याच्या आधीचं काम कसं करायचं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, सोलापूरचं एक दांपत्य शेंगा चटणी आणि काळा मसाला घरून विकतंय. मागणी वाढली आहे. आता पाकिटं छापायची, वेबसाइट काढायची, पुण्या-मुंबईला माल पाठवायचा. नाव सुचलंय ‘ठसका’. (हे कुटुंब, आणि पुढे त्यांना नोंदवहीत सापडणाऱ्या नोंदी, सगळं समजावून सांगण्यापुरतं कल्पित आहे, पद्धत मात्र खरी.)

पहिला प्रश्न शोधाचा नसून नावाच्या जातीचा असतो. काही नावं कुणी वापरत नसलं तरी कुणालाच मिळत नाहीत. ‘सोलापुरी शेंगा चटणी’ हे मालाचं वर्णन झालं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली असं वर्णन, गावाचं नाव, गुणवत्ता सांगणारा शब्द सहसा नाकारला जातो, कारण ते शब्द त्या धंद्यातल्या सगळ्यांना लागतात. देवाधर्माच्या नावांवरही मर्यादा आहे. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एका व्यापाऱ्याला हवं होतं. धर्मग्रंथाच्या नावावर एकाच माणसाचा हक्क चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. आणि महाराष्ट्रात ज्या नावाचा मोह सर्वांत जास्त होतो, त्या छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या मानचिन्हं आणि नावांच्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याचा व्यापारी चिन्ह म्हणून वापर करता येत नाही. ‘ठसका’ या चाळणीतून निघण्यासारखा आहे. तो तिखटपणा सुचवतो, पण मसाल्याचं सरळ वर्णन करत नाही.

दुसरी गोष्ट वर्गाची. जगभरचे देश वस्तू आणि सेवांची ४५ वर्गांत विभागणी करतात. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. मसाला, चटणी, चहा, पीठ, बिस्किटं हे सगळं वर्ग ३० मध्ये येतं. लोणचं वर्ग २९ मध्ये जातं, भाजलेले शेंगदाणेही तिथेच. हॉटेल वर्ग ४३, दुकानदारी वर्ग ३५. सरकारी शोधात एका वेळी एकच वर्ग टाकता येतो आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. आपला वर्ग टाकला, काही आलं नाही, नाव मोकळं समजून पाकिटं छापायला दिली. सोलापूरच्या दांपत्याने किमान २९ आणि ३० हे दोन्ही वर्ग बघायला हवेत. उद्या भाकरी-ठेचा देणारं छोटं खाद्यगृह काढायचं डोक्यात असेल तर ४३ सुद्धा, आणि वेबसाइटवर इतर घरगुती उद्योगांचा मालही विकायचा असेल तर ३५.

आता खुद्द शोध. पानावर तीन प्रकार दिसतात: Wordmark, Phonetic आणि Vienna Code. शेवटचा चित्रांसाठी असतो. लोगोत मिरची असेल, सूर्य असेल, तर प्रत्येक आकाराला ठरावीक सांकेतिक आकडा असतो, त्यावरून शोधायचं. शब्दासाठी पहिले दोन. Wordmark मध्ये Start With, Contains आणि Match With असे पर्याय असतात. नवखा माणूस Match With निवडून THASKA टाकतो. तंतोतंत तेच स्पेलिंग नसेल तर पान कोरं येतं आणि तो खूश होतो.

मराठी नावांची खरी अडचण इथे सुरू होते, कारण शोध रोमन अक्षरांत करावा लागतो आणि मराठी उच्चाराला रोमन लिपीत एक ठरलेलं रूप नाही. ‘ठ’ कुणी TH लिहितो, कुणी नुसता T. मधला ‘स’ कुणी SA करतो, कुणी S. म्हणून एका ‘ठसका’साठी निदान एवढं तरी टाकून बघावं लागतं:

```
Contains:  THASK
Contains:  THASAK
Contains:  TASK
Contains:  THUSK
Phonetic:  THASKA
Phonetic:  TASAKA
```

Contains मध्ये शब्दाचा गाभाच टाकायचा, शेवटचा A सोडून. म्हणजे THASKA, THASKAA, SHREE THASKA, THASKEDAR अशी सगळी भावंडं एकत्र समोर येतात. TASK टाकलं की इंग्रजी शब्दांचीही गर्दी होते, ती डोळ्यांनी वगळावी लागते. ‘झ’, ‘ळ’, ‘ज्ञ’ असलेल्या नावांना याहून जास्त रूपं करावी लागतात. ‘झ’ Z ने, ZH ने, JH ने लिहिला जातो, ‘ज्ञ’ तर DNY, GY, JN अशा तीन तऱ्हांनी. Phonetic शोध मदत करतो, पण तो यंत्राने बांधलेल्या नियमांवर चालतो आणि त्याला मराठी कान नाही. त्याच्या यादीत असंबद्ध शब्द येतात आणि एखादा जवळचा शब्द राहूनही जातो. त्याच्यावर विसंबून राहू नये.

याच्याही पुढे जाऊन, ज्या शब्दांत ‘ठसका’ची अक्षरं नाहीत पण ऐकताना गल्लत होईल, ते शब्दही शोधायचे. ‘चसका’ हा त्यातला पहिला. हे जरा ताणल्यासारखं वाटेल, पण न्यायालयाची मोजपट्टी नेमकी अशीच आहे. ‘अमृतधारा’ हे जुनं, घरोघरी माहीत असलेलं औषध. उत्तर प्रदेशातल्या एकाने ‘लक्ष्मणधारा’ नावाने तसंच औषध विकायला घेतलं. कागदावर ही दोन नावं शेजारी ठेवली तर कुणीही म्हणेल की, अमृत वेगळं आणि लक्ष्मण वेगळा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नावांचे तुकडे पाडून अर्थ तपासायचा नसतो. साधारण बुद्धीचा, आधीचं नाव अर्धवट लक्षात राहिलेला माणूस दुकानात गेला तर त्याचा घोटाळा होईल का, हे पूर्ण नाव ऐकून ठरवायचं. आणि तसा घोटाळा होऊ शकतो, असं न्यायालयाचं मत पडलं. पहिल्या औषधाच्या मालकाने वर्षानुवर्षं हरकत न घेतल्यामुळे दुसऱ्याला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. शोध घेणाऱ्याने म्हणून स्क्रीनवरचं स्पेलिंग बाजूला ठेवावं आणि गजबजलेल्या किराणा दुकानात काउंटरवरून ओरडून मागितलेला माल डोळ्यांपुढे आणावा. ‘एक ठसका द्या’ असं म्हटल्यावर दुकानदाराचा हात कुठल्या पाकिटाकडे जाईल?

समजा, असा तास-दीड तासाचा शोध करून दांपत्याच्या हाती चार नोंदी लागल्या. नुसती नावं बघून घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. प्रत्येक नोंदीचा तपशील उघडायचा. त्यात मालकाचं नाव, अर्जाची तारीख, कोणत्या मालासाठी नोंद आहे, कधीपासून वापर आहे आणि आजची स्थिती काय, हे सगळं असतं.

पहिली नोंद: THASKA, वर्ग ३०, चहासाठी, २००९ पासून वापरात, स्थिती Registered. मसाला आणि चहा वेगळे आहेत ना, असा विचार लगेच येतो. एकाच वर्गात असले म्हणून दोन माल सारखे ठरत नाहीत, हे खरं. तसंच वर्ग वेगळे असले म्हणून वेगळेही ठरत नाहीत. बघायचं असतं ते त्यांचा बाजार. एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकाच गिऱ्हाइकाला विकले जातात का? चहावाल्यांनी आता मसालेही काढले, असं गिऱ्हाइकाला सहज वाटेल का? मुंबईहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका जुन्या प्रकरणात एकीकडे ‘ग्लुकोविटा’ नावाची ग्लुकोजची पूड होती आणि दुसरीकडे ‘ग्लुविटा’ नावाची बिस्किटं. पूड आणि बिस्किट वेगळी वस्तू. पण बिस्किटात ग्लुकोज असतो, म्हणून त्या दोन मालांत व्यापारी नातं आहे आणि लोकांना दोन्ही एकाच कारखान्यातून आलेले वाटतील, असं १९६० मध्ये न्यायालयाने म्हटलं आणि ‘ग्लुविटा’ची नोंदणी नाकारली. चहा आणि काळा मसाला यांचं नातं त्याहून सैल असेल, पण किराण्याच्या याच साखळीतलं आहे. ही नोंद ‘ठसका’साठी सरळ धोक्याची आहे.

दुसरी नोंद: TASKA, वर्ग ३०, बिस्किटं, स्थिती Abandoned. हा शब्द वाचून अनेकांचा जीव भांड्यात पडतो. पण याचा अर्थ अर्ज सोडून दिलेला आहे, धंदा सोडून दिला असा नाही. उत्तर वेळेवर दिलं गेलं नाही म्हणूनही अर्ज मरतो, आणि माल मात्र दुकानात चालूच असतो. Removed असं दिसलं तर नोंदणी दहा वर्षांनी नूतनीकरण न केल्यामुळे निघाली असण्याची शक्यता जास्त. तिथेही घाई नको. कलम २६ प्रमाणे नोंद काढून टाकल्याच्या तारखेपासून आणखी वर्षभर ती जुनी नोंद नव्या अर्जाच्या आड येऊ शकते.

तिसरी: CHASKA, वर्ग ३०, मसाले, स्थिती Objected. यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अर्जाच्या तपशिलात अपलोड केलेली कागदपत्रं उघडता येतात आणि त्यात परीक्षण अहवाल असतो. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकाने स्वतः नोंदवही चाळून, या नावाशी कोणती जुनी नावं भिडतात, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्याला न सुचलेली स्पेलिंगं आणि नावं तिथे आयती सापडतात. खाली अर्जदाराचं उत्तरही असतं. ‘आमचं नाव अमुक नावापेक्षा पूर्ण वेगळं आहे, कारण पहिलं अक्षर निराळं आहे’ असं त्याने एकदा लेखी दिलं असेल, तर उद्या तसंच पहिलं अक्षर निराळं असलेल्या आपल्या नावावर हरकत घेताना ते त्याला अडचणीचं होतं. वकील असे कागद जपून ठेवतात.

चौथी: SHREE THASAKA, वर्ग २९, लोणची, चित्रासह, स्थिती Opposed. म्हणजे तिसऱ्याच कुणीतरी त्या अर्जाला विरोध केला आहे. तो विरोधक कोण, हे बघणं महत्त्वाचं. पहिल्या नोंदीतलाच चहावाला असेल तर तो आपलं नाव राखायला न्यायालयापर्यंत जाणारा माणूस आहे, हे त्यातून कळतं. ज्याचा ट्रेडमार्क आहे पण जो कुणाच्याच मागे लागत नाही, आणि जो दर आठवड्याला ट्रेडमार्क जर्नल चाळून विरोध टाकतो, या दोघांकडून असलेला धोका सारखा नसतो.

इथवर झाला तो नोंदवहीचा शोध. पण भारतात नोंदवही ही सगळी गोष्ट नाही. आपल्या कायद्यात कधीच नोंदणी न केलेल्या, पण आधीपासून प्रामाणिकपणे वापरल्या जाणाऱ्या नावाला मोठं वजन आहे. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा ‘इरुट्टुकडै हलवा’ प्रसिद्ध आहे. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने त्यापुढे गावाचं नाव जोडून ‘तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा’ अशी नोंदणी मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणी करणाऱ्याच्या हक्कापेक्षा वरचा असतो. हातात सरकारी प्रमाणपत्र असूनही दुसऱ्या व्यापाऱ्याला ते नाव सोडावं लागलं.

म्हणून सोलापूरच्या जोडप्याला आता नोंदवही मिटवून बाजारात शिरायचं आहे. गूगलवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत नाव टाकायचं, नकाशावर शोधायचं, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टवर मसाल्यांच्या विभागात, इंडियामार्टवर, इन्स्टाग्रामवर. एखाद्या इन्स्टाग्राम पानाची सगळ्यात जुनी पोस्ट किती सालची, हेही बघायचं. आधीचा वापर सिद्ध करायला असेच पुरावे न्यायालयात येतात. घरगुती खाद्यउद्योगात याहून महत्त्वाची जागा म्हणजे प्रत्यक्ष बाजार. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या घाऊक किराणा व्यापाऱ्याला फोन करून ‘ठसका नावाचं काही येतं का हो तुमच्याकडे?’ एवढं विचारलं तरी असं काही कळतं जे कुठल्याही स्क्रीनवर नसतं. साताऱ्यातली एखादी बाई वीस वर्षं त्या नावाने लोणची विकत असेल, तर तिची वेबसाइट नसेल, नोंदणी नसेल, पण बिलबुकं असतील.

परदेशी नावांचा प्रश्न याच अंगाने सुटतो किंवा गुंततो. टोयोटाची ‘प्रियस’ गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये आली. भारतात एका सुट्या भागांच्या कंपनीने ते नाव आधीच वापरून नोंदवलेलं होतं. टोयोटाने दावा केला, पण त्या काळात भारतीय गिऱ्हाइकाला ‘प्रियस’ माहीत होती हे तिला दाखवता आलं नाही, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. यावरून परदेशातलं नाव खुशाल उचलावं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. आंतरराष्ट्रीय ब्रँडची कीर्ती आज इंटरनेटमुळे माल येण्याआधी येऊन पोचते, आणि ती पोचली होती हे दाखवणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

शोधाला एक आंधळी जागाही असते, ती सांगितली पाहिजे. आज कुणी परदेशात अर्ज केला, तर त्याला सहा महिन्यांच्या आत भारतात अर्ज करून ती आधीची तारीख मागता येते. म्हणजे आज स्वच्छ दिसणाऱ्या यादीत उद्या आजच्याही आधीच्या तारखेचं नाव उगवू शकतं. घरगुती मसाल्याला हा धोका नगण्य आहे. ॲप किंवा सौंदर्यप्रसाधनांसारख्या, जगभर पसरणाऱ्या धंद्यांना मात्र तो खरा आहे.

आता निर्णय. दांपत्याच्या चार नोंदींपैकी पहिली एकटीच ‘ठसका’ सोडून द्यायला पुरेशी आहे. पुढे ‘सोलापुरी’ जोडून किंवा स्पेलिंगमध्ये दुहेरी A टाकून भागेल का, असं बहुतेक जण विचारतात. सहसा भागत नाही. हलव्याच्या प्रकरणात गावाचं नाव जोडलेलंच होतं. चहावाल्याकडून लेखी संमती घेता येते, पण ती मिळेपर्यंत त्याच्या मर्जीवर धंदा टांगून ठेवावा लागतो. म्हणून या कामाला बसताना एकच नाव घेऊन बसू नये. तीन-चार नावं घेऊन बसावं, म्हणजे एकावर जीव जडण्याआधीच ते टाकून देता येतं. लोगो करून झाल्यावर, मुलाने त्या नावाचा टी-शर्ट घालून फोटो टाकल्यावर माणूस धोक्याची नोंदही ‘चालेल’ अशा नजरेने वाचतो.

दुसरं नाव चारही वर्गांच्या शोधातून निघालं, की डोमेन आणि ट्रेडमार्कचा अर्ज एकाच दिवशी करावा. अर्जाचा नमुना TM-A. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांसाठी ९,०००. दोन वर्ग घेतले तर दुप्पट, आणि अर्ज नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही. अर्जात एक महत्त्वाचा रकाना वापराच्या तारखेचा असतो. दांपत्याने तीन वर्षांपूर्वी वेगळ्याच नावाने चटणी विकायला सुरुवात केली असेल, तर ती तारीख नव्या नावाला लावायची नाही. माल जुना असला तरी नाव नवं आहे. तिथे वापर अजून व्हायचा आहे असंच लिहायचं. वापर आधीपासूनचा सांगायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि खोटी तारीख पुढे पूर्ण नोंदणीच घेऊन बुडते.

अर्ज भरल्यावर नावापुढे TM लावता येतं. वर्तुळातलं R मात्र नोंदणी हातात पडेपर्यंत लावायचं नाही. नसलेली नोंदणी असल्याचं भासवलं तर कायद्याने दंड होतो. पुढे परीक्षण अहवाल येतो. त्यात हरकत असेल तर एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, नाहीतर वर पाहिलेला Abandoned हा शिक्का आपल्याच अर्जावर बसतो. हरकत निघाली की नाव जर्नलमध्ये छापलं जातं आणि तिथून चार महिने कुणालाही विरोध करता येतो. विरोध आलाच, तर त्याची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत लेखी प्रत्युत्तर दाखल करावं लागतं. ही सूचना अर्जात दिलेल्या ईमेलवर येते. एजंटने आपला ईमेल टाकला असेल आणि नंतर त्याने लक्ष दिलं नाही, तर मालकाला काही कळण्याआधीच मुदत संपलेली असते. म्हणून त्या रकान्यात स्वतःचा, रोज उघडला जाणारा ईमेल आहे की नाही, हे अर्ज पाठवण्यापूर्वी बघावं.

पाकिटांची मोठी छपाई परीक्षण अहवाल हाती येईपर्यंत थांबवता आली तर उत्तम. हंगाम साधायचा असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर पहिली खेप थोडी छापावी आणि नाव वेगळ्या स्टिकरवर घ्यावं. पाकिटावर घटक, वजन आणि परवाना क्रमांक कायम ठेवून, उद्या नाव बदलावं लागलं तरी फक्त स्टिकर बदलून माल विकता येतो.